ट्रान्झॅक्शन टॅक्सला पाठिंबा द्यायचा का? स्वीडन, ब्रिटन, फ्रान्स आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून बघू

शेअर, बाँड, परकीय चलन, जे काही मार्केटमध्ये विकलं-घेतलं जातं त्याच्या प्रत्येक व्यवहारावर अगदी बारीकसा टॅक्स लावा म्हणजे सट्टेबाजी आटोक्यात येईल, ही मागणी दर आर्थिक संकटानंतर नव्याने होते. निवेदनावर सही करायची असेल, संघटनेच्या बैठकीत हात वर करायचा असेल किंवा नुसतं स्वतःचं मत पक्कं करायचं असेल, तर आधी एक लक्षात घ्या, हा एकच टॅक्स नाहीये. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी फिरतात, त्यातली एक सपशेल आपटली, एक शेकडो वर्षं बिनबोभाट चाललीये, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचं उदाहरण पुढे करून भांडत बसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दर ०.१ टक्के की ०.५ टक्के यावर जितका वाद होतो तितका करायची गरज नाही. खरा प्रश्न आहे टॅक्स कशाला बांधलाय, ब्रोकरला, शेअरला की सीमेवरून आत येणाऱ्या पैशाला, आणि त्यातून सूट कोणाला दिलीये. या दोन गोष्टी कळल्या की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी मूळ कल्पना

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्येच म्हटलं होतं की शेअरच्या प्रत्येक हस्तांतरणावर चांगला भक्कम टॅक्स लावला तर मार्केटवरचा सट्ट्याचा पगडा कमी होईल. चलनासाठी हीच कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७२ मध्ये मांडली, ब्रेटन वुड्सची ठरलेल्या विनिमयदरांची व्यवस्था नुकतीच मोडत होती तेव्हा. पुढे १९७८ मध्ये त्यांनी ती सविस्तर सांगितली, की पैशाची मार्केटं गरजेपेक्षा जास्त सुसाट झालीत, त्यांच्या चाकात थोडी वाळू टाकायला हवी. त्यांना महसूल नको होता, म्हणजे तो दुय्यम होता. त्यांना पाहिजे होतं ते हे की एखाद्या देशाने आपला व्याजदर स्वतःच्या गरजेप्रमाणे थोडा वर-खाली ठेवला तर लगेच दुनियाभरचा पैसा आत-बाहेर उड्या मारू नये.

हिशोब अगदी सोपा आहे आणि त्यातच या टॅक्सची सगळी मोहिनी आहे. समजा घेताना ०.१ आणि विकताना ०.१, म्हणजे एका फेरीला ०.२ टक्के. दहा वर्षं शेअर धरून बसणाऱ्याला हा टॅक्स वर्षाला ०.०२ टक्के पडला, त्याला पत्ताही लागणार नाही. तोच माणूस रोज सकाळी घेऊन संध्याकाळी विकत असेल तर वर्षातले साधारण २४० ट्रेडिंगचे दिवस धरून त्याला ४८ टक्के पडले, म्हणजे धंदाच बंद. दर एकच, पण जो जितक्या घाईचा त्याला तितका जड. ऐकायला इतकं न्याय्य वाटतं की कोण नाही म्हणेल, मलाही ही कल्पना मनापासून आवडते, म्हणूनच ती प्रत्यक्षात कुठे फाटली हे बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्वीडन आणि ब्रिटन: दर जवळपास सारखा, निकाल उलटा

टीकाकारांचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे स्वीडन, आणि ते खरंच वाईट उदाहरण आहे. जानेवारी १९८४ पासून तिथे शेअर घेताना ०.५ टक्के आणि विकताना ०.५ टक्के टॅक्स लागू झाला. मागणी कामगार चळवळीकडून आलेली, मार्केटमधल्या पोरांना एवढे पगार कशाला हा राग त्यामागे होता. अर्थखात्याचं मन नव्हतं पण कायदा झाला. जुलै १९८६ मध्ये दर दुप्पट केला, म्हणजे एका फेरीला २ टक्के. मग १९८९ च्या सुरुवातीला बाँड आणि त्यावरचे फ्युचर-ऑप्शन पण आत घेतले, तिथे दर खूपच कमी होता, जास्तीत जास्त ०.१५ टक्के.

आता चूक कुठे होती ते बघा. टॅक्स लागत होता तो स्वीडनमध्ये नोंदलेल्या ब्रोकरमार्फत केलेल्या व्यवहाराला. शेअर स्वीडिश, कंपनी स्वीडिश, पण डील लंडनच्या ब्रोकरने लंडनमध्ये केली की टॅक्स शून्य. म्हणजे एखाद्या परदेशी फंडाला १ लाख क्रोनरचा शेअर घेऊन विकायचा असेल तर १९८६ नंतर स्टॉकहोममध्ये २,००० क्रोनर टॅक्स द्यायचा, किंवा लंडनला एक फोन करायचा. त्यांनी फोन केला. १९९० पर्यंत स्वीडिश शेअरचा निम्म्याहून जास्त व्यवहार लंडनला गेलेला होता, आणि गेले ते मुख्यतः मोठे, परदेशी, सारखी उलाढाल करणारे, म्हणजे ज्यांना लगाम घालायचा म्हणून टॅक्स आणला तेच. मागे राहिले ज्यांना लंडनचा ब्रोकर परवडत नव्हता ते.

बाँडमध्ये तर लंडनलाही जायची गरज पडली नाही. टॅक्स आला त्या पहिल्याच आठवड्यात बाँडचा व्होल्युम ८५ टक्के घसरला, फ्युचरचा ९८ टक्के, ऑप्शनचं मार्केट जवळपास मेलंच. कारण बाँडच्या ऐवजी तेच काम करणारे, पण टॅक्सच्या व्याख्येत न बसणारे कर्जाचे करार उपलब्ध होते, लोक तिकडे वळले. सरकारने बाँडवरच्या टॅक्समधून वर्षाला १५० कोटी क्रोनर धरले होते, सगळ्यात चांगल्या वर्षी आले साधारण ८ कोटी. शिवाय व्यवहारच कमी झाले म्हणून शेअरच्या नफ्यावरचा जो टॅक्स आधी मिळत होता तोही आटला, ही गोष्ट समर्थक कधीच सांगत नाहीत. एप्रिल १९९० मध्ये बाँडवरचा टॅक्स गेला, १९९१ संपता संपता शेअरवरचाही गेला.

आणि चढउतार? स्टीव्हन उम्लौफ यांनी १९९३ मध्ये या सगळ्याचा अभ्यास छापला, त्यात टॅक्समुळे शेअरच्या किमतीतली अस्थिरता कमी झाल्याचं दिसलं नाही.

आता पाण्यापलीकडे ब्रिटन बघा. तिथे शेअरवर स्टँप ड्युटी आहे, स्टँप ड्युटीचा कायदा १६९४ चा, शेअरवरचा दर १९८६ पासून ०.५ टक्के, फक्त घेणाऱ्याला. म्हणजे १०,००० पौंडाचे शेअर घेतले की ५० पौंड. बाँडना साधारणपणे नाही, फ्युचर-ऑप्शनसारख्या डेरिव्हेटिव्हना नाही. हा टॅक्स वर्षाला साधारण ३ ते ४ अब्ज पौंड आणतो, वसुलीचा खर्च नगण्य, आणि त्यातला बराचसा भाग ब्रिटनबाहेरचे गुंतवणूकदार भरतात.

पळून का गेले नाहीत? कारण हा टॅक्स ब्रोकरला बांधलेलाच नाही, तो ब्रिटनमध्ये नोंदलेल्या कंपनीच्या शेअरला बांधलाय. सौदा न्यूयॉर्कमध्ये करा नाहीतर सिंगापूरमध्ये, शेअर तुमच्या नावावर चढवायचा तर टॅक्स भरायलाच लागतो. जुन्या काळी हस्तांतरणाच्या कागदावर स्टँप नसेल तर कंपनी रजिस्टरमध्ये नाव चढवत नसे, आता क्रेस्ट नावाच्या इलेक्ट्रॉनिक सिस्टीममधून सेटलमेंट होतं आणि तिथेच पैसे आपोआप कापले जातात. टॅक्स चुकवला तर मालकीच पक्की होत नाही, मग इन्स्पेक्टर पाठवायची गरजच काय.

म्हणून "टॅक्स लावला की मार्केट देश सोडून जातं" हे वाक्य कुणी तुमच्या तोंडावर फेकलं तर शांतपणे विचारा, टॅक्स कशाला बांधला होता? स्वीडनमध्ये आधी ०.५ अधिक ०.५ होता आणि ब्रिटनमध्ये ०.५ आहे, फरक काही दहापट नाहीये. एकाने दुकानदाराला धरलं, दुसऱ्याने मालाला. दुकानदार गाव बदलू शकतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, ब्रिटनसारखा टॅक्स लावा, प्रश्न मिटला. थांबा. ब्रिटनचा टॅक्स टिकला तो कशामुळे हे नीट बघितलं तर समर्थकांना आवडणार नाही अशी गोष्ट दिसते.

सूट: टॅक्सचं खरं कलम

मार्केट मेकर म्हणजे जो सतत दोन भाव सांगून बसलेला असतो, एवढ्याला घेईन, एवढ्याला विकेन. त्याची कमाई त्या दोन भावांमधल्या स्प्रेडवर, आणि मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये तो स्प्रेड टक्क्याचा अगदी लहान अंश असतो. त्याला प्रत्येक खरेदीवर ०.५ टक्के लावला तर तो दुसऱ्या दिवशी दुकान बंद करेल, किंवा स्प्रेड इतका वाढवेल की सगळ्यांनाच महाग पडेल. म्हणून ब्रिटनने मान्यताप्राप्त मध्यस्थांना सूट दिलीये. कारण पूर्ण पटण्यासारखं आहे. पण दिवसभरात सगळ्यात जास्त घे-विक करतात ती हीच मंडळी, त्यामुळे उलाढालीचा फार मोठा हिस्सा पहिल्याच फटक्यात टॅक्सच्या बाहेर गेला.

यापेक्षा मोठं भोक पुढे आहे. ब्रिटनमध्ये सीएफडी नावाचा करार चालतो. समजा एखाद्याला एका कंपनीचा भाव या आठवड्यात चढेल असं वाटतंय आणि त्याला १०,००० पौंडाचा डाव लावायचाय. तो शेअर घेतच नाही. तो ब्रोकरशी करार करतो की भाव जितका चढेल तितका फरक तू मला दे, उतरला तर मी तुला देईन. शेअर त्याच्या नावावर येतच नाही, म्हणून स्टँप ड्युटी नाही. ब्रोकरला स्वतःची जोखीम झाकायची असते म्हणून तो खरोखरचे १०,००० पौंडाचे शेअर मार्केटमधून उचलतो, पण तो मध्यस्थ आहे, त्याला सूट आहे. म्हणजे मार्केटमध्ये खरेदी झाली, भाव हलला, डाव लागला, आणि टॅक्स कोणीच भरला नाही. त्याच दिवशी त्याच कंपनीचे १०,००० पौंडाचे शेअर एखाद्या पेन्शन फंडाने वीस वर्षं ठेवायला घेतले, त्याने ५० पौंड भरले.

म्हणजे सट्टेवाला सुटला आणि टिकून बसणारा सापडला, नेमकं उलटं. टीकाकारांच्या सगळ्या मुद्द्यांमध्ये मला हा सगळ्यात जड वाटतो. "मार्केट पळून जाईल" याला उत्तर आहे, याला सोपं उत्तर नाही, कारण सीएफडीवर टॅक्स लावायचा तर तो पुन्हा कशाला बांधणार, तो करार तर कुठल्याही देशातल्या ब्रोकरशी होऊ शकतो. करारामागचा शेअर कुठल्या देशातल्या कंपनीचा आहे त्यावरून धरता येतं, इटलीने डेरिव्हेटिव्हना तसं धरायचा प्रयत्न केलाय, पण मग परदेशातल्या ब्रोकरकडून वसूल कसं करणार हे कोडं राहतंच.

फ्रान्समध्ये हे आणखी उघडं दिसतं. २००८ च्या संकटानंतर सट्ट्याला चाप म्हणून ऑगस्ट २०१२ पासून तिथे मोठ्या, म्हणजे १ अब्ज युरोपेक्षा जास्त बाजारमूल्य असलेल्या फ्रेंच कंपन्यांच्या शेअरवर ०.२ टक्के टॅक्स आला, २०१७ मध्ये तो ०.३ झाला आणि एप्रिल २०२५ पासून ०.४. बांधणी ब्रिटनसारखीच, कंपनी फ्रेंच म्हणजे टॅक्स लागू, डील कुठेही होवो. चांगली गोष्ट. पण मोजायची पद्धत बघा, दिवसाच्या शेवटी तुमच्याकडे निव्वळ किती शेअर वाढले त्यावर टॅक्स. सकाळी १०,००० घेतले आणि दुपारी १०,००० विकले तर निव्वळ शून्य, टॅक्स शून्य. तुम्ही १०० शेअर घेऊन घरी ठेवले तर टॅक्स आहे. इंट्राडे, म्हणजे सर्वसामान्य माणूस सट्टा म्हणतो तो प्रकार, पूर्ण मोकळा.

ऑर्डर टाकून क्षणात रद्द करणाऱ्या वेगवान कॉम्प्युटर-ट्रेडिंगवर ०.०१ टक्क्याचा वेगळा टॅक्स ठेवला होता, पण तो फ्रान्समधून काम करणाऱ्या फर्मनाच लागू, त्यामुळे त्यातून हाती जवळपास काही लागलं नाही. स्वीडनची चूक छोट्या आकारात परत केली म्हणायची.

परिणाम काय झाला? ज्या शेअरना टॅक्स लागला त्यांचा व्होल्युम निरनिराळ्या अभ्यासांप्रमाणे साधारण १० ते २० टक्के उतरला, चढउतारांत नजरेत भरेल असा फरक पडला नाही. ना टीकाकार म्हणत होते तसं मार्केट कोसळलं, ना समर्थक म्हणत होते तसं शांत झालं. सरकारला पैसे मात्र मिळतायत.

मग शेअरच्या बाबतीत ठरवायचं कसं? मी असं म्हणेन की तुम्हाला महसूल हवा असेल, वित्त क्षेत्रातल्या मोठ्या व्यवहारांनी सरकारी तिजोरीत थोडं टाकावं एवढीच अपेक्षा असेल, तर ब्रिटिश बांधणीच्या टॅक्सला बिनधास्त हो म्हणा, तो चालतो याचा पुरावा आहे. पण "सट्टा थांबेल" या आशेने हो म्हणत असाल तर थांबा, कारण जो टॅक्स टिकतो तो सट्टेवाल्यांना सूट देऊनच टिकलाय. आणि कोणीही विधेयक दाखवलं तर दराचं पान उलटून सरळ सुटींच्या कलमावर जा. मार्केट मेकरची व्याख्या किती सैल आहे, दिवसाअखेरचा निव्वळ हिशोब आहे का, सीएफडी-फ्युचर आत आहेत का, एवढ्या तीन गोष्टी बघितल्या तरी टॅक्स कोणाच्या खिशातून जाणार ते कळतं.

भावावर काय परिणाम होतो याचं एक उत्तर आणखी. टॅक्स कायमचा असेल तर तो आजच्या भावात मुरतो. स्वीडनमध्ये टॅक्स जाहीर झाला त्या दिवशी शेअर बाजार २ टक्क्यांहून जास्त पडला होता. पुढे शेअर घेणारा टॅक्स भरतो पण त्याला शेअर तितकाच स्वस्त मिळालेला असतो, म्हणजे खरा भुर्दंड त्या दिवशी ज्याच्याकडे शेअर होते त्याच्यावर पडतो. त्यात पेन्शनवाले, छोटे गुंतवणूकदार सगळे आले. हे बरोबर की चूक हा वेगळा प्रश्न, पण "सट्टेबाजच भरतील" हे म्हणणं अर्धवट आहे.

समर्थकांच्या बाजूचंही सांगतो. १९८९ मध्ये अर्थतज्ज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ, आणि वेगळ्या लेखात लॉरेन्स व व्हिक्टोरिया समर्स यांनी या टॅक्सची बाजू मांडली होती, म्हणजे ही फक्त आंदोलकांची कल्पना नाही. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्यापेक्षा सेकंदभर आधी बातमी कळावी म्हणून हुशार माणसं आणि पैसा ओतला जातो, त्यातून समाजाला काही मिळत नाही, एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, मग असा व्यवहार थोडा कमी झाला तर बिघडलं कुठे. हा युक्तिवाद मला पटतो. अडचण एवढीच की टॅक्सला समोरचा माणूस बातमीमागे धावतोय, जोखीम झाकतोय की म्हातारपणाची सोय करतोय हे दिसत नाही, त्याला फक्त व्यवहार दिसतो. आणि मोठी संकटं? ऑक्टोबर १९८७ मध्ये जग कोसळलं तेव्हा स्वीडनमध्ये फेरीला २ टक्के टॅक्स होता, ब्रिटनमध्ये स्टँप ड्युटी होती, तरी दोन्ही मार्केटं बाकीच्यांबरोबर पडलीच. २००८ चं संकट तर जास्त वेळा घे-विक केल्याने आलंच नव्हतं, ते कर्ज काढून घेतलेल्या, क्वचितच विकल्या जाणाऱ्या गृहकर्जाच्या कागदांमुळे आलं. तिथे व्यवहारावरचा टॅक्स कुठेच आड आला नसता, भांडवलाचे कडक नियम आले असते.

चलनाचं गणित वेगळं

शेअरला कंपनीची नोंदणी असते, रजिस्टर असतं. डॉलर-युरोच्या सौद्याला तसलं काही नसतं. म्हणून चलनावरचा टॅक्स शेअरच्या अनुभवावरून ठरवू नका, तो स्वतंत्र विषय आहे.

पहिली अडचण अशी की चलनाच्या मार्केटमध्ये एक व्यवहार म्हणजे एक व्यवहार नसतो. एप्रिल २०२२ मध्ये रोजची उलाढाल साधारण ७.५ लाख कोटी डॉलर मोजली गेली, हा आकडा ऐकून लोक म्हणतात बघा केवढा सट्टा. पण समजा एका निर्यातदाराने १ कोटी डॉलर विकून युरो घेतले. बँकेला ते डॉलर नको असतात, ती दुसऱ्या बँकेला देते, ती तिसरीला, अशी ती जोखीम पाच-सहा हातांतून फिरत शेवटी ज्याला खरंच डॉलर हवेत त्याच्यापाशी थांबते. मागे खरा ग्राहक एक, मोजले गेले सहा व्यवहार. ०.१ टक्के टॅक्स असेल तर निर्यातदाराच्या व्यवहारावर १०,००० डॉलर, आणि मधल्या प्रत्येक उडीवर आणखी तितकेच, सगळं मिळून ६०,००० पर्यंत, आणि ते शेवटी निर्यातदाराला सांगितलेल्या भावात येणार. मोठ्या चलनांच्या जोडीत बँकांमधला स्प्रेडच ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतो, ०.१ चा टॅक्स म्हणजे त्याच्या दहापट. शिवाय त्या ७.५ लाख कोटीतला जवळपास निम्मा भाग स्वॅपचा, म्हणजे आज घेतलेलं चलन ठरलेल्या तारखेला परत करायचा करार, ते बहुतांशी उसनवारीचं काम आहे, भावावरचा डाव नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते, आणि ती उलट्या बाजूची आहे, म्हणजे टॅक्स फार जास्त नाही तर फार कमी पडतो. टोबिन यांचा हिशोब व्याजाच्या फरकासाठी बरोबर होता. फेरीला १ टक्का टॅक्स असेल तर तीन महिन्यांसाठी दुसऱ्या देशात पैसा ठेवणाऱ्याला वर्षाच्या हिशोबाने ४ टक्के जास्त व्याज मिळालं तरच परवडतं, आठवड्यासाठी ठेवणाऱ्याला ५२ टक्के. रोजच्या बारीक उड्या यातून नक्की थांबतात. पण चलनावर हल्ला होतो, म्हणजे ते पडणार या हिशोबाने सगळे ते एकदम विकायला लागतात, तेव्हा लोक अर्ध्या टक्क्यासाठी येत नाहीत, त्यांना १५-२० टक्क्यांची घसरण दिसत असते.

याचा पुरावा परत स्वीडनमध्येच आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये तिथल्या चलनावर, क्रोनावर हल्ला झाला तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेने, रिक्सबँकेने, बँकांना एका रात्रीसाठी पैसे देण्याचा दर ५०० टक्क्यांवर नेला. आकडा वेडा वाटतो, पण ३६५ ने भागा, दिवसाला साधारण १.३७ टक्के होतात. म्हणजे क्रोना उसना घेऊन विकणाऱ्याला रोज, टोबिनच्या टॅक्सपेक्षा जास्त दंड बसत होता, एकदा नाही, रोज. हल्ला काही काळ थांबला, पण नोव्हेंबरमध्ये परत आला आणि १९ नोव्हेंबर १९९२ ला ठरलेला विनिमयदर सोडून क्रोना मोकळा सोडावा लागला. रोजच्या १.३७ टक्क्यांच्या दंडानेही जे काही काळापुरतेच थांबले ते एकदाच दिलेल्या १ टक्क्याने कसे थांबतील?

हीच फट भरायला जर्मन अर्थतज्ज्ञ पॉल बर्न्ड स्पान यांनी १९९० च्या दशकात दोन पायऱ्यांचा टॅक्स सुचवला, रोजसाठी अगदी नाममात्र दर, आणि विनिमयदर ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला की जबरदस्त मोठा दर. कागदावर छान आहे. बेल्जियमने २००४ मध्ये यावर कायदाही केला, पण अट घातली की युरो वापरणाऱ्या बाकी देशांनी केला तरच लागू, आणि ते कधी झालंच नाही. शिवाय पट्ट्याच्या कडेला भाव आला की मोठा दर लागायच्या आत निघून जावं म्हणून सगळे एकदम पळतील, हा टीकाकारांचा आक्षेपही मला रास्त वाटतो.

ब्राझीलने जे केलं ते

टोबिनच्या टॅक्सपेक्षा ब्राझीलचा प्रयोग मला अभ्यासायला जास्त उपयोगी वाटतो, कारण तो प्रत्यक्षात झाला आणि मधे मधे दुरुस्त केला गेला. २००९ मध्ये अमेरिकेत व्याज शून्याजवळ, ब्राझीलमध्ये ८.७५ टक्के, त्यामुळे पैशाचा लोंढा आत आला आणि तिथलं चलन, रेआल, भराभर महाग झालं, तिथल्या निर्यातदारांचं कंबरडं मोडायला लागलं. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारने शेअर-बाँडसाठी येणाऱ्या परदेशी पैशावर २ टक्के टॅक्स लावला. ऑक्टोबर २०१० मध्ये बाँडसाठी तो आधी ४ आणि त्याच महिन्यात ६ केला. अर्थमंत्री गिदो मांतेगा यांनी चलनयुद्ध हा शब्द त्याच सुमारास वापरला होता.

बांधणी बघा, टॅक्स लागतो तो फक्त आत येताना, परदेशी चलन रेआलमध्ये बदललं त्या क्षणी, आणि ते काम अधिकृत बँकेतूनच होतं. म्हणजे इथेही चिमटा पक्का आहे. बँकांमधल्या सहा उड्यांवर नाही, देशांतर्गत व्यवहारांवर नाही. ६ टक्के म्हणजे तीन महिन्यांसाठी येणाऱ्याला वर्षाच्या हिशोबाने २४ टक्के, १०.७५ टक्के व्याजात ते बसतच नाही. पाच वर्षं राहणाऱ्याला वर्षाला १.२ टक्के, त्याला परवडतं. टोबिन यांना जे पाहिजे होतं ते एका देशाने एकट्याने, जगाची वाट न बघता करून दाखवलं, "सगळ्या जगाने एकत्र केल्याशिवाय होणारच नाही" हा आक्षेप निदान या प्रकाराला लागू होत नाही.

गळती झालीच. काहींनी अल्पमुदतीचा पैसा कारखान्यातली गुंतवणूक म्हणून दाखवून आणला, काही ब्राझीलबाहेर रेआलच्या भावावर पैज लावणारे करार करायला लागले, जिथे रेआल हातात येतच नाही, फक्त फरकाचे डॉलर मिळतात. त्या करारांचा परिणाम मग ब्राझीलच्या फ्युचर मार्केटमधून आत यायचा. म्हणून जुलै २०११ मध्ये, डॉलर पडेल यावर लावलेल्या निव्वळ डावांवर सरकारने १ टक्का टॅक्स आणला. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून, पण ही माणसं मागे लागून बुजवत गेली हे मान्य करायला हवं.

एवढं करून रेआल स्वस्त झाला का? २०११ च्या मध्यापर्यंत तो चढतच होता, उतरला तो नंतर, जेव्हा युरोपचं संकट वाढलं आणि ब्राझीलने स्वतः व्याज कमी केलं. टॅक्सने वेग कमी केला असेल, दिशा बदलली नाही. आणि जून २०१३ मध्ये वारं उलटं फिरलं, पैसा बाहेर जायला लागला, तेव्हा सरकारने बाँडवरचा आणि डेरिव्हेटिव्हवरचा टॅक्स काढून टाकला. दारावरचा टॅक्स लावायला जितकी तयारी लागते तितकीच तो वेळेत उचलायलाही लागते, नाहीतर गरज असताना पैसा येत नाही.

तर चलनाबाबत माझं मत असं की सगळ्या व्यवहारांवरचा सरसकट टोबिन टॅक्स सट्टा रोखायला म्हणून कोणी मागत असेल तर मी सही करणार नाही. तो शांत काळात निर्यातदाराला जड आणि वादळात सट्टेबाजाला हलका. त्याचंच अतिसूक्ष्म रूप, ०.००५ टक्क्यासारखं, विकासासाठी पैसा उभा करायला मागितलं जातं, तो वेगळा प्रस्ताव आहे आणि आता तो अशक्यही नाही, कारण २००२ पासून मोठ्या चलनांचं बरंचसं सेटलमेंट सीएलएस नावाच्या एकाच बँकेतून होतं आणि तिथे कापणी करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण मग त्याला सट्टाविरोधी म्हणू नका, महसूल म्हणा. स्वतः टोबिन यांनीही २००१ मध्ये, आपलं नाव घेऊन चाललेल्या आंदोलनांपासून जाहीरपणे अंतर ठेवलं होतं, आपण मुक्त व्यापाराच्या बाजूचे आहोत असं सांगून.

ब्राझीलसारखा प्रवेशावरचा टॅक्स मात्र, ज्या देशात पैसा अधिकृत बँकेतूनच बदलावा लागतो, डेरिव्हेटिव्हची नोंद ठेवणारी यंत्रणा जागी आहे आणि टॅक्सचा दर आठवड्याभरात बदलायचे अधिकार सरकारकडे आहेत, तिथे लोंढ्याच्या काळापुरता मी नक्की मान्य करेन. विधेयकात तो कधी आणि कोण उचलणार हे लिहिलेलं नसेल, किंवा देशाबाहेर होणाऱ्या पैजांबद्दल एक ओळही नसेल, तर तेवढी दुरुस्ती आधी मागा आणि मगच मत द्या.